हाताची घडी, चौकडीचा शर्ट आणि निळा कोट : एका पोर्ट्रेटमधला वेशबदल

पूर्वीच्या फोटो स्टुडिओंत आरशाशेजारच्या खुंटीवर एक काळा कोट कायमचा टांगलेला असे. गिऱ्हाईक कोणत्याही मापाचे असो, पाठीमागे दोन चिमटे लावून तो कोट त्याच्या अंगावर बसवला जाई. पुढे संगणक आला, तसा तो कोट खुंटीवरून उतरून फाइलमध्ये गेला, आणि मानेखाली तयार कोट चिकटवून पासपोर्ट आकाराची छायाचित्रे सर्रास निघू लागली. त्या छायाचित्रांतला माणूस समोर तोंड करून ताठ बसलेला असल्यामुळे ते कसेबसे खपून जात असे. शरीर थोडे वळलेले असेल, एक खांदा पुढे आलेला असेल आणि हात छातीवर बांधलेले असतील, तर मात्र तयार कोट दोन सेकंदांत ओळखू येतो. असेच एक काम अलीकडे माझ्याकडे आले.

छायाचित्र मीच काढलेले होते. अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक त्यांच्या घराच्या व्हरांड्यात खिडकीशेजारी उभे आहेत, चेहरा कॅमेऱ्याकडे आहे, धड मात्र आपल्या उजवीकडे सुमारे तीस अंशांत वळलेले आहे, आणि हाताची घडी घातलेली आहे. चौकट कोपरांच्या किंचित वर संपते, म्हणजे मनगटे दिसत नाहीत, पण दोन्ही दंड दिसतात. अंगात आकाशी चौकडीचा, जरा सैल शर्ट होता. काही महिन्यांनी परदेशातल्या एका परिषदेने त्यांच्याकडे औपचारिक पोशाखातले छायाचित्र मागितले, तेव्हा ते तिकडेच होते. फोनवर म्हणाले, "अहो, चेहरा हाच ठेवा. घरात सगळ्यांना हा फोटो आवडलाय. फक्त कोट घाला, आणि टाय नको." हे छायाचित्र परिषदेच्या पत्रकासाठी होते म्हणून मी होकार दिला. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या छायाचित्रात असा बदल मी करत नाही.

सुरुवातीला मी कोट शोधायला गेलो नाही, शर्ट वाचायला बसलो. चौकडीचे कापड या कामात फार उपयोगी पडते, कारण त्याच्या रेघा शरीराच्या पृष्ठभागावरून धावतात आणि छाती कुठे फुगीर आहे, धड किती वळले आहे, दंड कुठे गोल होतो हे सांगून जातात. साध्या पांढऱ्या शर्टात हीच माहिती केवळ छायेवरून काढावी लागते. फोटोशॉपमध्ये मी छायाचित्राच्या वर एक रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेतला आणि लाल रेघांनी चार गोष्टी आखल्या: दोन्ही खांद्यांची टोके जोडणारी रेघ, गळ्याच्या खळीपासून बटणपट्टीच्या मध्यातून खाली जाणारी वक्र रेघ, दोन्ही मुंढ्यांचे, म्हणजे बाही जोडलेली असते तिथले, गोल, आणि जिथून चुण्या निघतात ते बिंदू. खांद्यांची रेघ आडवी नव्हती. जवळचा, म्हणजे आपल्या डावीकडचा खांदा पुढे आणि थोडा खाली होता, आणि दूरचा खांदा वर उचललेला होता. बटणपट्टी चौकटीच्या मध्यावर नसून उजवीकडे सरकलेली होती. कोटाची मधली रेघही तेवढीच सरकायला हवी, हे इथेच ठरले.

चुण्या निघतात ते बिंदू म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. कापडाला चूण पडते ती कुठेतरी ओढ बसते किंवा कुठेतरी कापड जास्तीचे साचते म्हणून. हाताची घडी घातली की पाठीवरचे कापड ताणले जाते, खांद्याच्या बाहेरच्या बाजूने ते गुळगुळीत होते, आणि काखेच्या पुढच्या बाजूला मात्र उरलेले सगळे कापड गोळा होते. त्यामुळे या छायाचित्रात मुख्य चुण्या काखेच्या पुढच्या टोकापासून निघून दंडावर पंख्यासारख्या पसरत होत्या, आणि त्यातल्या दोन छातीकडे आत वळत होत्या. दुसरा ओढीचा बिंदू कोपर होता. तो चौकटीबाहेर होता, पण त्याच्याकडे जाणाऱ्या दोन तिरप्या चुण्या खालच्या कडेला दिसत होत्या.

इथे एक मोह होतो, तो म्हणजे शर्टाच्या चुण्या जशाच्या तशा कोटावर उतरवण्याचा. फोटोशॉपमध्ये ते सोपेही आहे. शर्टाचा काळापांढरा लेयर कोटाच्या रंगावर Multiply पद्धतीने ठेवला की चुण्या आपोआप वर येतात. पण जे दिसते तो कोट नसतो, निळा रंग दिलेला शर्ट असतो. सुती शर्टाचे कापड पातळ आणि एकेरी असते, त्यामुळे त्याच्या चुण्या पुष्कळ, आखूड आणि धारदार पडतात. कोटाला आत अस्तर असते, छातीला कॅनव्हास असतो, खांद्याला पॅड असतो. तिथे मोजक्याच, रुंद आणि मऊ वळणाच्या चुण्या पडतात, आणि छातीचा भाग तर चुणी घेण्याऐवजी एकसंध उचलला जातो. म्हणून शर्टाकडून चुण्यांचे स्थान आणि दिशा घ्यायची, त्यांची संख्या आणि धार कोटाकडून घ्यायची, हे सूत्र मी धरले.

तयार छायाचित्रांच्या संग्रहात मी बरेच पाहिले. बहुतेक कोट हात खाली सोडलेल्या माणसांच्या अंगावर होते, आणि त्यांच्या बाह्यांवरच्या चुण्या उभ्या लोंबत होत्या. हाताची घडी असलेला एक चांगला कोट मिळाला, पण त्यावर प्रकाश उजवीकडून होता आणि आमची खिडकी डावीकडे होती. असे छायाचित्र आडवे उलटवून वापरणारे पुष्कळ आहेत. उलटवले की वरचा खिसा माणसाच्या डाव्या छातीवरून उजव्या छातीवर जातो, लॅपलवरचे, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीवरचे, काज दुसऱ्या बाजूला जाते, आणि पुरुषांच्या कोटात डावी बाजू वर येऊन बटण लागते ते उलटे होते. शिंप्याच्या किंवा रोज सूट घालणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटत नाही. म्हणून मी कोट स्वतःच टिपायचे ठरवले.

स्टुडिओतला माझा सहकारी प्राध्यापकांच्याच अंगलटीचा आहे. त्याला पांढरा शर्ट आणि त्यावर गडद निळा, बारीक विणीचा लोकरी ब्लेझर घातला. मूळ फाइलच्या नोंदीत 85 मिमी लेन्स आणि f/4 हे छिद्र होते, तेच ठेवले. अंतर त्या नोंदीत नव्हते, पण ते काढता येते. प्रौढ माणसांच्या डोक्याच्या आकारात फार फरक नसतो, म्हणून तीच लेन्स लावून सहकाऱ्याचे डोके चौकटीत मूळ छायाचित्राइतकेच मोठे दिसेपर्यंत मी मागेपुढे झालो. ते अंतर साधारण सहा फूट भरले. अंतर जुळवणे महत्त्वाचे, कारण फार जवळून टिपले तर पुढचा खांदा अवास्तव मोठा येतो आणि पुढे कितीही ताणले तरी तो दुसऱ्याच्या धडावर बसत नाही. प्रकाशासाठी स्टुडिओची मोठी खिडकी डावीकडे घेतली, आणि मूळ छायाचित्रातली नाकाची सावली शेजारच्या पडद्यावर उघडी ठेवून सहकाऱ्याच्या नाकाची सावली तशीच पडेपर्यंत त्याला सरकवत राहिलो. उजवा हात डाव्यावर, ही घडीसुद्धा मूळ छायाचित्रासारखीच ठेवली. कोटाचे बटण उघडे ठेवले, कारण बटण लावून हात बांधले की दोन्ही लॅपल धनुष्यासारखे बाहेर फुगतात.

चित्रे काढून झाल्यावर त्यातले एक छापून मी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवून म्हणाले, "हा मुंढ्याचा ताण बरोबर आहे. पण तुमच्या सरांचं कोपर वर आहे ना? मग ही चूण इथून खाली नाही जाणार, आडवी जाईल." सहकाऱ्याचे कोपर प्राध्यापकांच्या कोपरापेक्षा दोन-तीन बोटे खाली होते, आणि काखेतून निघणारी मोठी चूण त्यामुळे जास्त उतरती आली होती. एवढा फरक संगणकावर सोडवता येतो. हात खाली सोडलेल्या कोटावरून बांधलेल्या हाताचा कोट मात्र करता येत नाही, निदान फसवा न दिसेल असा तर नाहीच.

कोटाची कड मी पेन टूलने कापली. लोकरीची कड फार धारदार ठेवली की कागदातून कातरल्यासारखी दिसते, म्हणून मास्कला, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या आवरणाला, अर्ध्या ते एक पिक्सेलचा मऊपणा दिला. मग लेयरचे Smart Object केले, म्हणजे पुन्हापुन्हा आकार बदलूनही मूळ माहिती टिकते, आणि तो अर्धपारदर्शक करून प्राध्यापकांच्या धडावर ठेवला. आकार ठरवताना मान हा आधार घेतला नाही. गळ्याची खळी आणि दोन्ही खांद्यांची टोके हे तीन बिंदू जुळवले. खांद्याच्या टोकाशी कोट शर्टाच्या बरोबर कडेवर बसवायचा नसतो, कारण पॅडमुळे तो प्रत्येक बाजूला सेंटीमीटरभर तरी बाहेर जातो. शर्टाच्या कडेवरच कोट बसवला की खांदे आखडतात आणि डोके मोठे दिसू लागते. उसने कोट घातलेल्या कित्येक छायाचित्रांत माणूस बाहुल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. दंडापाशी उलटी अडचण होती. सैल शर्ट कोटापेक्षा बाहेर फुगला होता, तिथे शर्ट पुसून मागची व्हरांड्याची भिंत शेजारच्या भागातून भरून काढावी लागली.

आता दूरचा खांदा वर उचलायचा होता. त्यासाठी Puppet Warp वापरले. या साधनात चित्रावर जाळी येते, हव्या त्या जागी पिन रोवायच्या आणि एखादी पिन हलवली की बाकीच्या पिना आपापल्या जागा धरून ठेवतात. मी पिना रोवल्या त्या आधी आखलेल्या ओढीच्या बिंदूंवर: दोन्ही काखा, दोन्ही खांद्यांची टोके, कॉलरचा मागचा मध्य आणि लॅपल जिथून वळायला सुरुवात होते ती जागा. चुण्या ज्या बिंदूंतून निघतात तेच बिंदू घट्ट धरले, की खांदा उचलताना चुण्या त्यांच्याभोवती नैसर्गिकपणे फिरतात. पिना कुठेही रोवल्या तर चूण मधेच वाकते, आणि तशी वाकलेली चूण कोणत्याही कापडात पडत नाही. खांदा उचलल्यावर विणीकडे शंभर टक्के मोठे करून पाहिले. वीण एका दिशेला ओढल्यासारखी दिसू लागली की तिथे थांबायचे. लॅपलची कड आणि खांद्याची शिवण यांचीही परीक्षा घेतली, कारण शरीर वळले तरी शिवणीत लाटा येत नाहीत.

काखेतल्या त्या मोठ्या चुणीसाठी वेगळा मार्ग घ्यावा लागला. तेवढा भाग मी स्वतंत्र लेयरवर उचलला, Warp मध्ये तिचे काखेकडचे टोक जागच्या जागी ठेवून दंडाकडचे टोक वर फिरवले, आणि कडा मास्कने विरघळवल्या. जिथे जुन्या चुणीची सावली खाली उरली होती, तिथे शेजारच्या सपाट बाहीचे कापड क्लोनने आणले. तरीही जोडाजवळ चूण मधेच संपल्यासारखी वाटत होती, आणि तो भाग हाताने रंगवण्यावाचून इलाज नव्हता.

चूण रंगवण्यासाठी 50% राखाडीने भरलेला लेयर Soft Light वर ठेवला आणि त्यावर अगदी कमी प्रवाहाच्या मऊ ब्रशने काळे-पांढरे फिरवले. प्रकाश डावीकडून होता, म्हणून चुणीची डावी उतरण उजळ, माथ्यापलीकडची उजवी उतरण गडद, आणि त्या गडद भागाच्या अगदी कडेला शेजारच्या कापडावरून परतणारा पुसट उजेड, असा क्रम ठेवला. त्या पुसट उजेडावाचून चूण म्हणजे नुसता काळा पट्टा वाटतो. ब्रशची रुंदीही बदलत गेलो. चूण ओढीच्या बिंदूशी अरुंद आणि ठसठशीत असते, आणि तिथून दूर जाता जाता रुंद होत सपाट कापडात विरून जाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची रंगवलेली चूण बाहीवर पडवळ ठेवल्यासारखी दिसते. गडद निळ्या लोकरीत उजेड आणि सावली यांतले अंतर मुळातच कमी असते, त्यामुळे ब्रशचा जोर मला वाटला त्याच्या निम्म्यावर आणावा लागला. पांढऱ्या लिननचा कोट असता तर याच चुणीला कितीतरी जास्त फरक द्यावा लागला असता.

रंगवलेले खरे वाटते का, हे रंगाकडे पाहून कळत नाही. मी सर्वांत वर एक Black & White लेयर ठेवला आणि सगळे चित्र आडवे उलटवून, लहान करून पाहिले. उलटवले की सरावलेली नजर मोडते आणि चुकीच्या जागी पडलेली सावली लगेच खुपते. शिवाय एका Curves लेयरमध्ये रेषा तीन-चार वेळा वरखाली केली. त्यामुळे चित्र विचित्र पट्ट्यांचे दिसते, पण जिथे जोड आहे तिथे पट्टे तुटतात आणि डोळ्याला न दिसणारा जोडही सापडतो. दूरच्या बाहीवर असा एक तुटलेला पट्टा दिसला, तो मास्क आणखी मऊ करून मिटवला.

मानेचे काम कापडाच्या कामाइतकेच वेळखाऊ ठरले. जुन्या शर्टाची कॉलर एका बाजूला वर उभी होती आणि नवी पांढरी कॉलर तिच्यापेक्षा खाली बसत होती. मधली मान मूळ छायाचित्रात झाकलेलीच होती. ती शेजारच्या त्वचेतून भरली, पण मानेची उभी शीर खाली उतरत जाईल याकडे लक्ष ठेवून. गुळगुळीत त्वचा नुसती पसरली की मान नळीसारखी दिसते. मागच्या बाजूला कोटाच्या वर शर्टाची कॉलर अर्धा इंच दिसावी, हा शिवणकलेतला जुना संकेतही पाळला.

सावल्या दोन होत्या. हनुवटीची सावली पूर्वी चौकडीच्या कॉलरवर पडत होती, ती आता पांढऱ्या कॉलरवर त्याच कोनात आणि तितक्याच मऊ कडेने पडायला हवी होती. तिच्यासाठी Multiply लेयरवर मानेच्या सावलीतूनच रंग उचलला आणि तो बराच फिका केला. दुसरी सावली कॉलर आणि मान एकमेकांना टेकतात तिथली, अगदी बारीक आणि गडद. हिच्याशिवाय डोके कोटावर ठेवल्यासारखे वाटते. पांढरा शर्ट आकाशी चौकडीपेक्षा जास्त उजेड वर फेकतो, म्हणून जबड्याच्या खालचा भाग मी किंचित उजळला. हे केले आहे असे कुणाला कळणार नाही, पण केले नाही तर चेहरा आणि शर्ट वेगवेगळ्या दिवशी टिपल्यासारखे वाटतात, जे या प्रकरणात खरेच होते.

शेवटी दूरचा खांदा. मूळ छायाचित्रात f/4 मुळे तो जरासा अस्पष्ट होता. कोटही त्याच छिद्रावर टिपला असला, तरी सहकाऱ्याचे धड किंचित कमी वळले असल्यामुळे त्याचा खांदा जास्त स्पष्ट आला होता. त्या भागावर उतरत्या मास्कने थोडी धूसरता दिली. धूसर केलेल्या जागी कॅमेऱ्याचे दाणे नाहीसे होतात आणि तो भाग मेणासारखा दिसतो, म्हणून तेवढ्यावर Add Noise ने एकरंगी दाणे परत टाकले, उरलेल्या चित्राशी जुळतील इतकेच.

प्राध्यापकांनी चित्र पसंत केले आणि लगेच दुसरे पाठवले. त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात टिपलेले, पण त्यात त्यांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. "कोट तर तयारच आहे, तो इथे लावून टाका," असे त्यांचे म्हणणे. मी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून त्यांना दाखवली. हात खिशात गेले की कोपरे मागे जातात, काखेपुढचे कापड मोकळे होते, ओढ मुंढ्याच्या मागच्या बाजूला आणि कोपराच्या आतल्या वळणात जाते, आणि लॅपल छातीवर सपाट बसतो. पहिल्या कोटातली एकही चूण तिथे लागू पडत नव्हती. सहकाऱ्याला पुन्हा तोच ब्लेझर घालायला सांगितला आणि खिडकीचा उजेड तसाच मिळावा म्हणून दुपार टळायची वाट पाहिली.